मे महिन्यात शाल

भर मे महिन्यात माझी मावशी शाल पांघरून बसायची. जेवण तेवढंच, तरी वजन चार किलो वाढलेलं. टाचा, कोपरं कोरडी, दुपारी डोळे मिटायचे. घरात सगळे म्हणाले, वय झालं. मलाही तसंच वाटलं, याची खंत आहे. एकेक लक्षण कशानेही होतं. ती सगळी मिळून, महिनोन्‌महिने टिकली, तर थायरॉईड तपासावं.

गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की शरीराचा वेग उतरतो. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी मग तिला जोरात हाका मारू लागते. ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून थायरॉईड कमी, तर टीएसएच जास्त.

दंडातून थोडंसं रक्त घेतात, एवढंच. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर मात्र आधी सांगा, आकडा चुकू शकतो. सहसा ०.४ ते ४ ठीक मानतात. मावशीचा १८ आला, सोबतचा टी-४ कमी. आकडा जेमतेम वाढलेला असता, तर डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा तपासला असता. तिला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरली.