मुदत वाढवा, खंड तोच : ऊसशेतीच्या खंडव्यवहारातील एका प्रस्तावाचा विचार

प्रस्तावना

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण भागात, नीरेच्या काठच्या पट्ट्यात निरवांगी हे गाव आहे. वालचंदनगर जवळच असून बारामती-इंदापूरचा हा सारा परिसर ऊस आणि साखर यांच्या अर्थकारणाने बांधलेला आहे. नोकरीनिमित्त पुणे-मुंबईस स्थायिक झालेल्या कुटुंबांची शेती अशा गावांत बहुधा खंडाने कसली जाते. दरवर्षी पाडव्याच्या किंवा पावसाळ्याच्या सुमारास मालक गावी येतो, खंडाची रक्कम ठरते, पुढील वर्षाचा शब्द दिला जातो व व्यवहार तेथेच संपतो. या व्यवहारात कागद क्वचितच असतो.

अशा वेळी एखादा मालक वेगळाच प्रस्ताव मांडतो. कसणारा माणूस विश्वासू आहे, खंड वेळेवर देतो, बांध राखतो. तेव्हा खंड आहे तोच ठेवून वर्षाऐवजी तीन वर्षांची मुदत ठरवावी, असे तो सुचवितो. वरवर पाहता यात मालकाचे नुकसान दिसते. प्रत्यक्षात हा प्रस्ताव उसाच्या पीकचक्राशी उत्तम जुळतो. मात्र कायद्याच्या बाबतीत उभय पक्षांची समजूत बरेचदा उलटी असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

येथे शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. खंडाने जमीन घेणारा तो खंडकरी, असे सर्वसाधारण वाचकास वाटेल. परंतु वालचंदनगर परिसरात 'खंडकरी शेतकरी' म्हणजे ज्यांनी आपली जमीन साखर कारखान्याच्या कंपनीस खंडाने दिली ते मूळ मालक. जमीनधारणेवरील कमाल मर्यादेचा 1961 चा अधिनियम 26 जानेवारी 1962 पासून अंमलात आला, कंपन्यांकडील जमिनी शासनाकडे गेल्या, 1963 मध्ये स्थापन झालेले राज्य शेती महामंडळ त्या कसू लागले, आणि मूळ मालकांच्या वारसांना त्या परत मिळविण्यासाठी अनेक दशके लढावे लागले. दीर्घ मुदतीने जमीन दुसऱ्याच्या हाती देण्याविषयी या भागात जी धास्ती आहे, तिच्यामागे ही आठवणही आहे. गोंधळ टाळण्यासाठी पुढे 'मालक' व 'कसणारा' हेच शब्द वापरले आहेत.

पीकचक्र आणि मुदत

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते व तो साधारण सोळा ते अठरा महिन्यांनी तोडणीस येतो. म्हणजे एक वर्षाचा खंड संपतो तेव्हा शेतात निम्म्याहून अधिक वाढलेला ऊस उभा असतो. त्यानंतरचा खोडवा सुमारे बारा महिन्यांचा. लागण आणि एक खोडवा मिळून अडीच वर्षे होतात. वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या जमिनीत आडसाली ऊस लावणारा कसणारा म्हणूनच प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षाच्या खंडावर भिस्त ठेवून चालतो. मालकास हे ठाऊक असते. दुसऱ्या वर्षी त्याने खंड वाढवून मागितला तर उभे पीक सोडून जाणे कसणाऱ्यास शक्य नसते.

या दडपणाचा परिणाम जमिनीवर होतो. मुदतीची खात्री नसलेला माणूस शेणखत टाकत नाही, कारण त्याचा गुण पुढील पिकांत दिसतो. तो चारी उकरत नाही, पाचट न कुजवता पेटवून देतो आणि कालव्याची पाळी मिळेल तेव्हा भरमसाट पाणी देतो. नीरा खोऱ्यात अतिपाण्याने जमिनी चोपण व क्षारपड होण्याचा प्रश्न जुना आहे, आणि दरवर्षी बदलणारा कसणारा त्याची काळजी करील अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

तीन वर्षांची मुदत दिली की हिशेब बदलतो. जुलैमध्ये लागण, दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरच्या सुमारास तोडणी, त्यापुढील डिसेंबरात खोडव्याची तोडणी आणि अखेरचे सहा महिने जमिनीस विसावा किंवा ताग-धैंचा यांसारखे हिरवळीचे खत. बेणे, सरी व लागण यांचा खर्च एका पिकाऐवजी दोन पिकांवर वाटला जातो. कसणाऱ्याचा खरा लाभ येथे आहे; न वाढलेला खंड हा त्यामानाने लहान लाभ होय.

एका उदाहरणाचा हिशेब

उदाहरणासाठी चार एकर बागायत जमीन व एकरी वर्षाला 40,000 रुपये खंड धरू. आकडे केवळ गणितासाठी आहेत, दर गावोगाव व पाण्यानुसार बदलतात. मालकास वर्षाला 1,60,000 रुपये मिळतात. खंड दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढला असता असे मानले, तर दुसऱ्या वर्षी तो एकरी 42,000 व तिसऱ्या वर्षी 44,100 झाला असता. खंड स्थिर ठेवल्याने मालक दुसऱ्या वर्षी 8,000 आणि तिसऱ्या वर्षी 16,400, असे एकूण 24,400 रुपये सोडतो.

याच्या बदल्यात त्याला काय मिळते? कसणारा मध्येच सोडून गेला आणि नवा माणूस मिळेपर्यंत जमीन सहा महिने पडून राहिली, तर 80,000 रुपयांचा खंड बुडतो. सोडलेल्या रकमेशी तुलना करता, तीन वर्षांत असे घडण्याची शक्यता तिसाव्या हिश्श्यात नव्हे, तर शंभरात तीसच्या आसपास असेल तेव्हा केवळ या एका कारणाने प्रस्ताव फायद्याचा ठरतो. कसणारा मुळातच विश्वासू असेल तर ही शक्यता कमी, हे खरे. म्हणून मालकाच्या पारड्यात जमिनीची राखण, थकबाकीची धास्ती नसणे व दरवर्षीची गावची खेप वाचणे हेही घालावे लागते. खंड मागे पडण्याचा वेग पाच टक्क्यांहून बराच अधिक असेल, उदाहरणार्थ नवी उपसा योजना येऊ घातली असेल, तर मालकाने तीन वर्षांसाठी हात बांधून घेणे शहाणपणाचे नाही.

कायद्याची बाजू

मालक वर्षाच्यावर मुदत देत नाही, कारण 'कूळ लागेल' ही भीती. या भीतीचे मूळ 1948 च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात आहे. त्यातील कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती, ती मालकाच्या कुटुंबातील, पगारी गडी किंवा ताबेगहाणदार नसल्यास, कूळ मानली जाते. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीस कलम 32-ओ लागू होते, आणि कुळास वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत जमीन विकत घेण्याचा हक्क मिळतो.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. हा हक्क वहिवाट सुरू होण्याने उद्भवतो, ती लांबल्याने नव्हे. मुदत एक वर्षाची ठेवल्याने मालक कायद्याबाहेर राहत नाही. त्याला आजवर जे संरक्षण मिळते ते कागद नसल्यामुळे, म्हणजे पुराव्याच्या अभावामुळे मिळते. तो अभाव साक्षीदारांनी, खंडाच्या बँकेतील नोंदींनी किंवा पीकपाहणीतील नावाने भरून निघू शकतो. आणि कूळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार कलम 70 नुसार मामलेदाराकडे आहे. दरवर्षी माणूस बदलण्याची किंवा गट बदलून देण्याची प्रथा याच भीतीपोटी पडली. तिने विश्वासू माणूस तेवढा हातचा जातो.

याच अधिनियमात कलम 43-अ आहे. उसाच्या लागवडीसाठी, फळे वा फुले पिकविण्यासाठी अथवा पशुपैदाशीसाठी दिलेल्या पट्ट्यांना अधिनियमातील अनेक तरतुदी, त्यांत खरेदीच्या हक्काच्या कलम 32 ते 32-आर या तरतुदीही, लागू होत नाहीत. मात्र अशा पट्ट्यांची मुदत, खंड व समाप्ती यांबाबत शासनास अधिसूचनेद्वारे अटी घालता येतात. तेव्हा करार करण्यापूर्वी त्या अटी वकिलाकडून पाहून घेणे अगत्याचे आहे. ज्या भागात दीर्घ मुदतीची सर्वाधिक धास्ती, त्याच भागाच्या मुख्य पिकास कायद्याने वाट ठेवली आहे, हा योगायोग नव्हे. तरतूदच साखर उद्योग डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे.

ही सूट मिळवायची तर पट्टा 'उसाच्या लागवडीसाठी' होता हे दाखवता आले पाहिजे. तोंडी व्यवहारात ते दाखविणे कठीण. जमीन खंडाने घेऊन तीत गहू, कांदा, भाजीपाला असे पीक आलटून पालटून घेतले, तर सुटीचा आधारच डळमळतो. वर सुचविलेल्या चक्रात अखेरीस नगदी पीक न घेता हिरवळीचे खत घ्यावे, याचे हेही एक कारण आहे. शिवाय 1908 च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी नसलेला मुद्रांकावरील करार, कितीही सह्या असल्या तरी, त्याच्या अटी सिद्ध करण्यासाठी न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. म्हणजे तीन वर्षांचा शब्द नुसत्या नोटरीपुढे लिहून ठेवणारे दोघेही फसतात : मालकास ऊसपट्ट्याची सूट दाखवता येत नाही, आणि कसणाऱ्यास मुदत.

करारात बिघडते कोठे

सर्वाधिक तंटे शेवटच्या तारखेवरून होतात. ऊस कधी तुटणार हे कसणाऱ्याच्या हाती नसते. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम, टोळीची उपलब्धता व पावसाळा यांवर ते अवलंबून असते. खोडवा डिसेंबरात तुटावा अशी योजना असताना तो मार्चपर्यंत उभा राहू शकतो. मुदत 30 जून अखेर ठेवली तर हा उशीर पोटात मावतो. पाडव्याला ठेवली तर मावत नाही. तरीही ऊस उभा राहिल्यास तोडणीपर्यंतच्या दिवसांचा खंड कोणत्या दराने द्यावयाचा, हे आधीच लिहिलेले बरे.

दुसरा बिघाड अखेरच्या वर्षी होतो. पुढे जमीन आपल्याकडे राहणार नाही असे दिसताच कसणारा खताचा हात आखडतो, किंवा मालकाला न विचारता दुसरा खोडवा राखून ताबा लांबवतो. खोडवा किती ठेवायचा हे कराराच्या मजकुरात हवे, आणि पुढील मुदतीची बोलणी संपण्याच्या तोंडावर न करता पहिल्या तोडणीनंतर करावीत. मातीचा सामू व क्षारता यांची तपासणी सुरुवातीस व शेवटी केली, तर जमीन बिघडली की नाही यावर वाद उरत नाही.

तिसरी अडचण कसणाऱ्याची आहे. पीककर्ज, अतिवृष्टीची भरपाई व ऊसबिल ही सातबाऱ्यावरील नावामागे जातात. तोंडी व्यवहारात पंचनामा मालकाच्या नावाने होतो व भरपाई त्याच्याच खात्यात जमा होते. स्थिर खंडाच्या प्रस्तावात हा धोका वाढतो, कारण पीक बुडाले तरी तीनही वर्षांचा खंड देणे कसणाऱ्यावर बंधनकारक झालेले असते. नैसर्गिक आपत्तीत मिळालेली भरपाई कसणाऱ्याकडे वळती करावी, अथवा तेवढा खंड सोडावा, असे कलम नसेल तर खंड न वाढवण्याची मालकाची सवलत एका वाईट पावसाळ्यात धुऊन जाते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचविला. मालकाची मालकी अबाधित राहावी व कसणाऱ्यास कर्ज, विमा आणि भरपाई मिळावी, हाच त्याचा हेतू होता.

मालकाचा प्रस्ताव आल्यावर कसणाऱ्याने खंडाच्या आकड्याआधी म्हणूनच एक प्रश्न विचारावा : दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येऊन सही करण्याची मालकाची तयारी आहे काय? तयारी नसेल तर दिलेली मुदत तीन वर्षांची नसून, एकेका वर्षाचे तीन शब्द आहेत. त्यांवर आडसाली ऊस लावावा की नाही, हे ज्याने त्याने ओळखीच्या जोरावर ठरवावयाचे आहे.