सोनेतारण कर्ज : रक्कम कशी ठरते आणि थकलं तर दागिन्यांचं काय होतं?



दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नाव डागडुजीला, जाळी विणायला, घरखर्चाला पैसा लागतो आणि हातात काही नसतं. मग घरातले दागिने बँकेत जातात. तिथे गेल्यावर बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सोनं एवढ्याचं, मग कर्ज इतकं कमी कसं?"

उदाहरण घेऊ. पाटल्या आणि मंगळसूत्र मिळून वजन ५० ग्रॅम. काळे मणी, खडे, आतली लाख यांचे ६ ग्रॅम वजा झाले, निव्वळ राहिले ४४ ग्रॅम. कस पाहिला तर सोनं २२ नाही, २० कॅरेट निघालं. जुन्या दागिन्यांत डागकामामुळे असं होतंच. २२ कॅरेटच्या हिशोबात ते ४० ग्रॅम भरतं. घडणावळ आणि जीएसटी आपण सराफ्यात मोजलेले असतात, पण बँक ते धरत नाही. ती फक्त सोन्याची किंमत पाहते.

आता भाव. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे मागच्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांत जो कमी तो धरायचा. समजा सरासरी ग्रॅमला ९,००० आणि काल ९,३०० होता, तर ९,००० धरणार. म्हणजे किंमत ३,६०,००० रुपये.

या पूर्ण किमतीवर कर्ज मिळत नाही. घरखर्चासाठीचं कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ८५ टक्के, त्यावर पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठं असेल तर ७५ टक्के, ही वरची मर्यादा. बँक याहून कमीही देऊ शकते. धंद्यासाठीच्या कर्जाला बँकेचे स्वतःचे नियम असतात, ते वेगळे विचारून घ्यावेत.

आपल्या उदाहरणात ८० टक्के म्हणजे २,८८,०००. पण मुद्दल-व्याज सगळं वर्षाअखेर एकदम भरायचं ठरलं असेल, तर या आकड्यात व्याजही बसवावं लागतं. १२ टक्के दराने हातात येतात साधारण २,५७,०००. पुष्कळांना हे फसवल्यासारखं वाटतं, पण तो हिशोब आहे.

खरी अडचण पुढे येते. एकदम फेडीच्या कर्जाची मुदत जास्तीत जास्त १२ महिने. जूनमध्ये घेतलेलं कर्ज पुढच्या जूनमध्येच फेडायचं, म्हणजे पुन्हा बंदीतच! म्हणून आम्ही सभासदांना सांगतो की हंगाम चालू असताना, मार्च-एप्रिलपर्यंत निदान व्याज तरी भरून टाका. व्याज चुकतं केलं आणि खातं थकलेलं नसलं, तर अर्ज करून कर्जाचं नूतनीकरण मागता येतं. तेव्हाचा भाव पाहून बँक ठरवते. व्याजही राहिलं तर ती वाट बंद. मधेच भाव फार पडला तरी बँक काही रक्कम भरायला सांगू शकते.

तरीही थकलं, तर आधी नोटीस येते. पत्ता किंवा मोबाईल बदलला असेल तर बँकेत आधीच कळवा. नोटीस जुन्या घरी जाते आणि घरच्यांना लिलाव झाल्यावर कळतं, असं होऊ देऊ नका. लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. राखीव किंमत त्या दिवसाच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही. दोनदा लिलाव फसला तरच ८५ पर्यंत उतरते. बँकेला स्वतः बोली लावता येत नाही.

समजा दंड-खर्चासह देणं ३,०२,००० झालं आणि दागिने ३,५०,००० ला गेले. उरलेले ४८,००० तुमचे आहेत. लिलावाचे पूर्ण पैसे आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते परत मिळाले पाहिजेत, आणि हिशोब लेखी मागायचा. पुष्कळ जण लाजेपायी बँकेत परत जातच नाहीत, त्यांचे पैसे तिथेच राहतात. उलट भाव पडून दागिने २,९०,००० लाच गेले, तर उरलेल्या १२,००० ची बाकी तुमच्या नावावर राहते.

दागिने ठेवताना तपासणीच्या वेळी घरच्या बाईमाणसाने समोरच बसावं. एकूण वजन, वजावट, कस आणि किंमत लिहिलेला दाखला मिळतो, तो जपून ठेवा. पूर्ण फेड झाल्यावर त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर करता येते. अर्ज लिहायला जमत नसेल तर दाखला आणि नोटीस घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, आम्ही लिहून देऊ.