आरशाच्या कपाटाची खालची कड

मावळपट्ट्यातली घरं पावसाळ्याला कशी तोंड देतात ते बघायला संपादकांनी मला भोरला पाठवलं. राजवाडा पाहिला, भाटघर धरण पाहिलं. पण दिवस गेला तो पेठेमागच्या एका सुतारकाकांच्या पडवीत. समोर वेल्ह्याच्या एका घरातून दुरुस्तीला आलेलं बाथरूमचं आरशाचं कपाट होतं. घरात माणसं सात, बाथरूम एकच. कपाटानं दोनच पावसाळे काढले होते.

काकांनी ते उलटं केलं. वरून सनमाईका अजून चकचकीत, पण खालची कड फुगून पावासारखी झालेली. "दिसत नाही म्हणून कंपनीनं इथं पट्टीच लावली नाही," ते म्हणाले. आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेला लाकडाचा चुरा. तो एकदा फुगला की वाळूनही पूर्ववत होत नाही.

आरशाचंही तेच. वाफ गार काचेवर जमते, ओघळते आणि खाली काच धरणाऱ्या पट्टीत साचते. पहाटे पाचपासून एकामागून एक आंघोळी, त्यामुळे ती पट्टी वाळतच नाही. कापलेल्या कडेतून पाणी मागच्या चांदीच्या थरात शिरतं आणि आरसा खालून काळा पडत जातो.

काकांनी ती पट्टी काढूनच टाकली. नव्या आरशाच्या कडांवर वॉर्निशचा हात दिला आणि तो दारावर सिलिकॉननं चिकटवला. सिलिकॉनच्या रेघा मात्र उभ्या ओढल्या. आडव्या रेघेवर पाणी अडतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ते आरशाला लावत नाहीत, त्यातलं आम्ल चांदी खातं. न्यूट्रल लिहिलेली नळीच घ्यायची.

सांगाडा त्यांनी पीव्हीसी बोर्डाचा केला. तो फुगत नाही, पण त्यात स्क्रू सैल होतो आणि तेलाच्या बाटल्यांनी लांब फळी वाकते. म्हणून फळी दीड फुटाच्या आत ठेवली, बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले. प्लायच हवा असेल तर आयएस ७१० चा शिक्का बघावा. त्या प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. तरी उघडी कड त्यालाही चालत नाही.

मला काळजी वाटते ती जुलैची. तेव्हा बाहेरची हवाच ओली असते. खिडकी उघडून कपाट वाळत नाही. काकांनी कपाट भिंतीपासून अर्धा इंच सोडून बसवायला सांगितलं आणि शेवटी आंघोळ करणाऱ्यानं खालची कड फडक्यानं पुसून दार किलकिलं ठेवावं, असंही बजावलं.

तुम्ही कपाट घ्यायला जाल तेव्हा आरशात बघण्याआधी तळाखालून बोट फिरवा. कड खरखरीत लागली, तर ते बाथरूमसाठी घेऊ नका.