मुलीच्या वर्गशिक्षिका जेव्हा समुपदेशनाला येतात

समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांपुढे चर्चेला ठेवायची म्हणून ही केस रचली आहे. यातली माणसं काल्पनिक आहेत. पण तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

गावात समुपदेशन करणारी एकच व्यक्ती आहे. सगळे तिला ताई म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर सत्तर किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ताईकडे एक शिक्षिका येतात. रात्र रात्र झोप नाही, शाळेत निघताना छातीत धडधडतं, घरी नवऱ्याचं पिणं वाढलंय. ताई त्यांना आधीपासून ओळखते, कारण तिची मुलगी सातवीत त्यांच्याच वर्गात आहे.

एकाच माणसाशी उपचाराचं एक नातं आणि त्याच वेळी दुसरंही एखादं नातं असणं, याला या क्षेत्रात दुहेरी नातं म्हणतात. शहरातला समुपदेशक अशा वेळी दुसऱ्याचा पत्ता देऊन मोकळा होतो. ताईकडे देण्यासारखा जवळचा पत्ताच नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 1992 च्या नीतिसंहितेनं ही अडचण मान्य केली होती: काही समाजांत आणि परिस्थितींत असे बाहेरचे संबंध टाळणं शक्य नसतं. 2002 च्या संहितेनं कसोटी आणखी स्पष्ट केली. दुसऱ्या नात्यामुळे समुपदेशकाची नजर गढूळ होण्याची, किंवा समोरच्याचं शोषण वा नुकसान होण्याची रास्त शक्यता असेल, तर ते नातं टाळायचं. तशी शक्यता नसेल, तर केवळ दुहेरी असल्यानं ते अनैतिक ठरत नाही.

म्हणजे ताईला आधी अंदाज बांधायचा आहे. मायकेल गॉटलिब यांनी 1993 मध्ये त्यासाठी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या: दोघांत सत्तेचा फरक किती, नातं किती काळ चालणार आणि ते नक्की कधी संपणार. ताईच्या बाबतीत सत्तेचा हिशेबच विचित्र आहे. खोलीत तिचा शब्द वजनदार, शाळेत बाईंचा. मुलीची प्रगतीपुस्तकं बाईच भरतात. काळ म्हणाल तर शाळेचं वर्ष एप्रिलपर्यंत चालणार. आणि शेवट धूसर, कारण वर्ष संपलं तरी दोघी त्याच गावात, त्याच बाजारात भेटत राहणार.

या तपासणीत धोक्याची खूण स्पष्ट दिसते. तरीही बाईंना दारातूनच परत पाठवणं मला चूक वाटतं. झोप उडालेल्या, घाबरलेल्या बाईला 'जिल्ह्याला जा' असं सांगितलं, तर बहुधा ती कुठेच जाणार नाही. ताई पहिल्याच भेटीत सगळं उघड मांडते. आपण सहा भेटी करू, तोवर जिल्ह्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊ. फी इतरांइतकीच. बाहेर भेट झाली तर पालक जसं बोलतात तसंच मी बोलेन, इथला विषय काढणार नाही. बाहेर ओळख दाखवायची नाही, हा पुस्तकी सल्ला इथे उलटाच पडेल. वर्गशिक्षिकेला पाहून आईनं मान फिरवली तर त्याचीच चर्चा होईल.

पालकसभेला ताई नवऱ्याला पाठवते. का, ते मात्र त्यालाही सांगत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि त्या हक्कापुढे नवरा हाही बाहेरचाच माणूस.

लहानसहान प्रसंग येत राहतात. गौरीच्या हळदीकुंकवाला बाई बोलावतात. ताई जाते, वाण घेते, पाच मिनिटांत निघते आणि त्याच रात्री भेटीच्या वहीत नोंद करते: का गेले, काय घेतलं, पुढच्या भेटीत त्यावर काय बोलायचं. थॉमस गुथाइल आणि ग्लेन गॅबर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी 1993 मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. नेहमीची रेघ ओलांडली तरी रुग्णाचं नुकसान होत नसेल, त्यावर मोकळेपणी बोलता येत असेल, तर तो मर्यादाभंग होत नाही. ओलांडणं लपवावंसं वाटू लागलं, की काळजी करायची.

खरी अडचण चौथ्या भेटीत उभी राहते. नवऱ्याबद्दल सांगता सांगता बाई म्हणतात, "घरचा राग वर्गात निघतो हो. एक मुलगी आहे, तिच्यावर मी फार ओरडते. तिचा काही दोषही नसतो."

"कोण मुलगी?" ताई विचारते.

बाई क्षणभर थांबतात. "दुसरीच आहे एक," म्हणतात आणि झोपेच्या गोळ्यांवर बोलू लागतात.

दोन शब्दांच्या त्या प्रश्नावर वर्गात बराच वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं. बाईंच्या उपचारासाठी मुलीचं नाव लागत नव्हतं. ओरडण्याआधी मनात काय येतं, ओरडल्यावर काय वाटतं, हे विचारायला हवं होतं. नाव हवं होतं ते एका आईला. बाईंनाही ते कळलं, म्हणून त्यांनी आईची समजूत घातली आणि विषय मिटवला. आपली सर्वांत अपराधी वाटणारी गोष्ट त्यांनी नुकतीच बाहेर काढली होती, ती तिथेच आत गेली. कुणी लाच घेतली नाही, कुणी गुपित फोडलं नाही. तरी उपचार त्या क्षणी थांबला.

त्यानंतरच्या खुणा ताईच्या वहीतच दिसतात. चौथ्या भेटीची नोंद अर्ध्या पानाची आहे, आधीच्या दोन-दोन पानांच्या. ओरडण्याचा उल्लेखच नाही. घरी ती मुलीला दोनदा विचारते, "बाई रागावतात का गं?" मुलगी सांगते की बाई एकदा फळ्याकडे तोंड करून रडल्या. आता ताईकडे अशी माहिती आली आहे जी बाईंनी तिला दिलेली नाही. ती वापरावी तर बाईंना वाटेल की आपल्यावर पाळत आहे. न वापरावी तर ती मनात घेऊनच प्रत्येक प्रश्न विचारायचा.

ताई शहरातल्या ज्येष्ठ मार्गदर्शकांना फोन करते. नाव-गाव न सांगता केस मांडते. ते एकच विचारतात: "तो प्रश्न तुम्ही कुणासाठी विचारलात?"

पाचव्या भेटीत ताई बाईंना सांगते की मागच्या वेळी मी आई म्हणून विचारलं, ते चुकलं. वर्गाबद्दल तुम्हाला मोकळेपणी बोलता यायला हवं आणि ते माझ्यासमोर जमणार नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांची वेळ मिळालेली असते. पुढचं समुपदेशन त्यांच्याकडची मानसशास्त्रज्ञ व्हिडिओ कॉलवर करेल, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जायचं. मध्येच रात्री घाबरल्यासारखं झालं तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. बाईंच्या लेखी संमतीनं ताई केसचा सारांश पाठवते आणि सहावी भेट फक्त निरोपासाठी ठेवते.

विद्यार्थ्यांत यावर दोन तट पडतात. काही म्हणतात, पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉलची सोय लावायची होती. गावात नेटवर्क असेल आणि बाईंना घरात दार लावून बोलायला खोली असेल, तर हे म्हणणं बरोबर आहे. पिणाऱ्या नवऱ्याच्या घरात ती खोली बहुधा नसते. माझ्या मते ताईनं बाईंना घेतलं ते योग्य, पण करारात एक कलम राहिलं: बोलणं वर्गापर्यंत आलं तर काय करायचं. वर्गशिक्षिकेच्या ताणाची गोष्ट वर्गापर्यंत येणार, हे ऑगस्टमध्येच दिसत होतं.

केसच्या शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक प्रसंग ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी विचारते, "आई, बाई तुझ्याकडे यायच्या ना? मी जिन्यात पाहिलं होतं. आता का येत नाहीत?" 'नाही' म्हटलं तर मुलीशी खोटं, 'हो' म्हटलं तर बाईंचा हक्क मोडला. ताईनं काय उत्तर द्यावं ते प्रत्येकानं लिहायचं, आणि मग तेच उत्तर दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत मैत्रिणींना सांगेल असं धरून पुन्हा तपासायचं.