‘पचते’ त्यालाच धोका अधिक: दारूच्या व्यसनाविषयीचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दारू पिणाऱ्यांविषयी मराठी समाजात ‘त्याला पचते’ हा शब्दप्रयोग कौतुकाने केला जातो. चार पेग रिचवूनही ज्याची जीभ अडखळत नाही आणि जो सरळ चालत घरी जातो, त्याला व्यसनाचे भय नाही, भय आहे ते दोन घोटांत डोलू लागणाऱ्याला, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे तर आहेच, शिवाय वस्तुस्थिती त्याच्या जवळजवळ उलट आहे. व्यसन एकाला का लागते आणि दुसऱ्याला का लागत नाही, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागाही येथेच सापडतो.

व्यसन म्हणजे केवळ पुष्कळ पिणे नव्हे. पिण्यावरचा ताबा सुटणे, तेवढाच परिणाम मिळण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, दारू थांबताच हात थरथरणे, घाम येणे, झोप उडणे, आणि नुकसान दिसत असूनही पिणे चालू राहणे, अशा लक्षणांच्या समूहाला वैद्यकशास्त्र अवलंबित्व म्हणते. अमेरिकेत 1990च्या दशकाच्या आरंभी झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधीतरी दारू प्यायलेल्यांपैकी सुमारे 15 टक्के लोक केव्हा ना केव्हा या अवस्थेला पोहोचल्याचे आढळले. उरलेले 85 टक्के मनाने खंबीर होते आणि हे 15 टक्के दुबळे, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. परंतु मनाच्या निग्रहाचा प्रश्न येण्यापूर्वीच शरीराने बरेच काही ठरवलेले असते.

ही गोष्ट पूर्व आशियातील लोकांच्या शरीरात सर्वांत स्पष्ट दिसते. पोटात गेलेल्या दारूचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट बनवते. हे विकर घडवणाऱ्या जनुकाला एएलडीएच-2 म्हणतात. जपान, चीन आणि कोरिया येथील फार मोठ्या लोकसंख्येत या जनुकाचा एक दुबळा प्रकार आढळतो. तो आई आणि वडील यांपैकी एकाकडून आला तर विकराचे काम खूप मंदावते, दोघांकडूनही आला तर ते जवळजवळ बंदच पडते. अशा माणसाने थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते आणि मळमळते. व्यसनमुक्तीच्या उपचारांत दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी याच विकराला अडवून हाच त्रास कृत्रिमरीत्या निर्माण करते. म्हणूनच रुग्णाच्या नकळत ती त्याच्या जेवणात मिसळण्याचा जो प्रकार काही घरांत होतो, तो जीवघेणा ठरू शकतो.

या माहितीवरून, हा दुबळा प्रकार ज्याच्याकडे आहे त्याला दारूचे व्यसन लागणारच नाही आणि जनुके माणसाचे भवितव्य लिहूनच ठेवतात, असे वाटणे साहजिक आहे. जपानमधील संशोधक हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनी या समजुतीला मर्यादा घातली. त्यांनी वेगवेगळ्या वर्षी उपचारांसाठी आलेल्या मद्यासक्त रुग्णांचे जनुक तपासले, तेव्हा दुबळ्या प्रकाराची एक प्रत असणाऱ्यांचे प्रमाण 1979मध्ये 2.5 टक्के, 1986मध्ये 8 टक्के आणि 1992मध्ये 13 टक्के निघाले. तेरा वर्षांत एखाद्या देशाची जनुके बदलत नाहीत. बदलला होता तो परिसर: युद्धोत्तर समृद्धीत दारूचा खप वाढला होता आणि कामानंतर वरिष्ठांसह आणि सहकाऱ्यांसह पिणे हा नोकरीचाच भाग मानला जात होता. शरीर नको म्हणत असतानाही, सभोवतालचा आग्रह पुरेसा प्रबळ असेल तर माणूस ती सूचना दडपायला शिकतो. एका प्रतीच्या अशा लोकांनी नेटाने पिणे चालू ठेवले, तर साचणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोकाही त्यांना बराच अधिक असतो. दोन प्रती असणारा मात्र त्या रुग्णांत एकही नव्हता, म्हणजे परिसराच्या जोरालाही एक सीमा होती.

भारतात हा दुबळा प्रकार क्वचितच आढळतो, त्यामुळे मराठी वाचकाच्या दृष्टीने याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक निकटची आहे: ज्यांचे शरीर इतरांपेक्षा कमी हरकत घेते, त्यांचे काय होते? कॅलिफोर्नियातील मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतील तरुणांना वजनाच्या प्रमाणात मोजून दारू दिली, त्यांचे शरीर किती डोलते हे यंत्राने मोजले आणि किती चढली आहे असे वाटते, हे त्यांना विचारले. रक्तातील दारूचे प्रमाण सारखेच असताना, ज्यांचे वडील मद्यासक्त होते अशा तरुणांपैकी पुष्कळांना ती कमी चढत होती. येथे ‘पचणे’ हा शब्दच फसवा ठरतो, कारण दारू लवकर पचून गेलेली नसते; ती रक्तात तेवढीच असते, फक्त मेंदूकडून मिळणारा इशारा क्षीण असतो. सुमारे दहा वर्षांनी याच तरुणांना पुन्हा गाठले असता, मद्यासक्त वडिलांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढत असे त्यांच्यातील 56 टक्के व्यसनाधीन झाले होते, आणि ज्यांना चटकन चढत असे त्यांच्यातील 14 टक्के. कमी चढणारा माणूस मित्रांइतकी धुंदी येण्यासाठी अधिक पितो, अधिक पिणाऱ्यांच्या संगतीत रमतो, आणि अंगभूत कमी संवेदनेवर सवयीने आलेली सहनशीलता चढत जाते.

‘बापाचे पाहून मुलगा बिघडला’ हा समजही याच ठिकाणी तपासावा लागतो. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत दत्तक गेलेली मुले पाहिली होती. जन्मदात्यांपैकी एक मद्यासक्त असलेल्या 55 मुलग्यांपैकी 10 पुढे मद्यासक्त झाले, तर तशी पार्श्वभूमी नसलेल्या 78 पैकी 4. त्या मुलांनी जन्मदात्याचे पिणे पाहिलेही नव्हते. तरीही 55 पैकी 45 जण त्यातून सुटले, आणि कौटुंबिक इतिहासाचा अर्थ लावताना हा आकडा विसरणे अन्यायाचे होईल. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात अनुवंशाचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो, पण तो निम्मा वाटा लोकसमूहातील माणसामाणसांमधल्या फरकाचा आहे. एखाद्या व्यक्तीचे निम्मे व्यसन रक्तातून आले असा त्याचा अर्थ होत नाही.

लहान वयातील आरंभाविषयी दोन टोकाचे समज आहेत. ‘घरातच थोडी चव दिली की बाहेर जाऊन पिणार नाही’ हा एक, आणि ‘लवकर प्यायला म्हणजे मेंदू कायमचा बिघडला’ हा दुसरा. अमेरिकेतील 1997च्या एका प्रसिद्ध विश्लेषणात, 14व्या वर्षी किंवा त्याआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पुढे अवलंबित्वापर्यंत पोहोचले होते, तर विशीत किंवा त्यानंतर आरंभ करणाऱ्यांपैकी सुमारे 10 टक्के. हा फरक सगळाच लवकर पिण्याने घडवलेला नाही, कारण ज्या उतावळ्या किंवा बंडखोर स्वभावामुळे मूल लवकर प्याल्याला हात लावते, तोच स्वभाव पुढच्या व्यसनालाही पोषक असतो, आणि जुळ्यांवरील संशोधनाने या शंकेला बळ दिले आहे. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत वयात येणाऱ्या उंदरांना दारूने येणारी झापड आणि तोल जाणे प्रौढ उंदरांपेक्षा कमी जाणवते, असे दिसले आहे. म्हणजे थांबण्याचा इशारा या वयात मुळातच मंद असतो, आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. कमी चढण्याची घराण्यातली देणगी, हे वय आणि पिणाऱ्या मित्रांचा गट हे तिन्ही एकत्र आले, तर इशारा देणारे काहीच उरत नाही.

म्हणून ज्या घरात आजोबा, वडील किंवा काका दारूपायी गेले आहेत, त्या घरातील मुलाला पहिल्या पार्टीच्या आधीच हे स्पष्ट सांगावे, की इतरांपेक्षा उशिरा चढत असल्याचे त्याला कधी जाणवले, तर ती मिरवण्याची गोष्ट नसून हातातला ग्लास खाली ठेवण्याचे कारण आहे.