अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी

माजलगावात आमच्या घरांत बोली दखनी, शाळा मराठी, इंग्रजी तिसरी. म्हणून संध्याकाळी आम्ही मुलांना मिसळून उत्तर द्यायची मुभा देतो.

‘काल कुठे गेला होतास?’

‘अम्मी, आय वेंट धरणावर.’

क्रियापद बरोबर आलं. अडलं ते ‘वर’पाशी. मराठीत तो नामानंतर लागतो, इंग्रजीत ‘टू’ नामाआधी येतो. इथे ‘चूक!’ म्हणायचं नाही. ‘अच्छा, यू वेंट टू द डॅम?’ असं ‘टू’वर किंचित जोर देऊन विचारायचं. जोर नसेल तर मूल नुसतं ‘हो’ म्हणून पुढे जातं. दुरुस्ती एका वेळी एकच. लगेच म्हटलेली तर नक्कलच असते; दोन दिवसांनी आपणहून ‘आय वेंट टू बाजार’ आलं, की ‘टू’ बसला समजावं. ‘बाजार’ मराठीच राहिला तरी सध्या चालेल.