चकतीच्या आत किती तापमान?

मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा सहज 45 अंशांवर जातो. अशा दुपारी धातूची एक पातळ गोल चकती घेतली आणि तिची दोन्ही तोंडं उष्णतारोधकाने झाकली, तर उष्णतेला ये-जा करायला फक्त कड उरते. कडेचा वरचा अर्धा भाग 45 अंशांवर आणि खालचा अर्धा कूलरच्या पाण्याने 25 अंशांवर टिकवून ठेवायचा. बऱ्याच वेळाने आतलं तापमान बदलायचं थांबतं. तेव्हा कुठे किती असेल?

केंद्रापासूनचं अंतर r (कडेवर r = 1) आणि कोन θ धरला, तर स्थिर तापमान u हे समीकरण पाळतं:

```
u_rr + u_r/r + u_θθ/r² = 0
```

यात धातूची वाहकता येतच नाही. तांबं असो वा लोखंड, शेवटचं चित्र एकच; तिथवर पोचायला लागणारा वेळ तेवढा वेगळा.

आता u = R(r)·Θ(θ) असा गुणाकार मानू. समीकरणात घालून r आणि θ वेगळे केले की एका बाजूला फक्त r, दुसरीकडे फक्त θ उरतो. दोन्ही बाजू कायम समान राहायच्या, तर दोन्ही एकाच स्थिरांकाइतक्या हव्यात. चकतीला एक फेरा मारून आलो की तापमान तेच मिळायला हवं, म्हणून तो स्थिरांक n² असतो आणि n पूर्णांक. Θ साठी sin nθ, cos nθ मिळतात; R साठी rⁿ आणि r⁻ⁿ, तर n = 0 ला 1 आणि log r. केंद्रावर r⁻ⁿ आणि log r अनंताकडे जातात, म्हणून ते सोडून द्यायचे.

उरलेल्या पदांचे सहगुणक कडेवरच्या तापमानाच्या फूरिए श्रेणीतून येतात. आपल्या चकतीसाठी:

```
u = 35 + (40/π)(r sin θ + r³ sin 3θ/3 + r⁵ sin 5θ/5 + …)
```

केंद्रावर r = 0, म्हणून तिथे 35; म्हणजे कडेची सरासरी. केंद्रापासून सरळ वर, अर्ध्या अंतरावर (r = 1/2), पहिल्या पदाने 41.4 मिळतं, दोन पदांनी 40.8, आणि पूर्ण बेरीज 40.9. दोनच पदांत काम झालं, कारण कडेवरचा चढउतार जितका बारीक, तितका त्याचा rⁿ आत येताना लवकर विरतो.

कडेवर मात्र r = 1, तिथे काहीच विरत नाही. 45 आणि 25 जिथे भिडतात, त्या जागेजवळ कितीही पदं घेतली तरी बेरीज सुमारे 46.8 पर्यंत उसळते. हा खरा ताप नव्हे. आतलं तापमान कडेच्या कमाल-किमान मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही. म्हणून उत्तर 45 च्या वर किंवा 25 च्या खाली दिसलं, की एक तर सहगुणक चुकलेत किंवा श्रेणी मध्येच तोडली आहे.